दोन दिवसांत पहिला खेळ : एका कार्यशाळेचा आराखडा

संगणकावरचा खेळ खेळताना 'असा खेळ आपल्याला तयार करता येईल का?' हा प्रश्न तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात कधी ना कधी येऊन गेला असेल. येतो, आणि तोही शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत. यापूर्वी संगणकाला एकही आज्ञा न लिहिलेल्या मुलांकडूनसुद्धा तो तयार करून घेता येतो. महाविद्यालयातील एखाद्या विज्ञान मंडळाला अशी कार्यशाळा भरवायची असेल, तर ती कशी आखावी, हे या लेखात पाहू. शाळेतील शिक्षकांनाही हा आराखडा जसाच्या तसा वापरता येईल. आपला विषय संगणकाचा असला तरी वाटेत वेग, काल आणि विस्थापन ही तुमची जुनी ओळखीची मंडळी भेटणार आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

खेळ कोणता निवडावा?

कार्यशाळेला येणारा प्रत्येक विद्यार्थी डोक्यात एक मोठा खेळ घेऊन येतो. त्यात किल्ले असतात, शत्रू असतात, दहा पातळ्या असतात. असा खेळ दोन दिवसांत होत नाही, आणि अर्धवट राहिलेला खेळ खेळता येत नाही. म्हणून आयोजकांनी खेळ आधीच ठरवून द्यावा आणि त्याला तीन मर्यादा घालाव्यात : पडदा एकच, कळा दोनच आणि हरण्याचा प्रकार एकच.

या मर्यादांत बसणारा उत्तम खेळ म्हणजे चेंडू आणि फळी. पडद्याच्या तळाशी एक आडवी फळी असते. ती डाव्या-उजव्या कळांनी सरकते. चेंडू वरच्या आणि बाजूच्या भिंतींवर आपटून परत येतो. त्याला फळीने परतवायचे. चेंडू फळीखाली गेला की डाव संपला.

ही निवड करण्यामागे एक ऐतिहासिक दाखलाही आहे. १९७२ साली अमेरिकेत अ‍ॅटारी या कंपनीत नोलन बुशनेल यांनी नव्याने रुजू झालेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न या अभियंत्याला सरावासाठी म्हणून एक साधे काम दिले. एक चेंडू, दोन फळ्या आणि गुण मोजण्याची सोय असलेला खेळ तयार करायचा, एवढेच ते काम होते. त्यातूनच 'पाँग' हा प्रसिद्ध खेळ जन्माला आला. त्या यंत्रात आज्ञावली नव्हतीच. सगळा खेळ विद्युत्-मंडलांनी चालत असे. अल्कॉर्न यांनी त्यात एक युक्ती केली होती. ती आपल्याला रविवारी सकाळी उपयोगी पडणार आहे.

शुक्रवार : आधीची तयारी

समजा, चोवीस विद्यार्थी आणि बारा संगणक आहेत. एका संगणकावर दोघे बसतील. एक जण कळफलक चालवील, दुसरा वाचून तपासील, आणि दर वीस मिनिटांनी ते जागा बदलतील. मदतीला तीन वरिष्ठ विद्यार्थी असावेत, म्हणजे प्रत्येकाकडे चार संगणक येतात. मदतनिसांसाठी नियम एकच. चूक दाखवायची, पण विद्यार्थ्याच्या कळफलकाला हात लावायचा नाही.

भाषा पायथन वापरावी, आणि तिच्या जोडीला खेळांसाठीच तयार केलेला पायगेम हा आज्ञांचा संच घ्यावा. दोन्ही विनामूल्य आहेत. शनिवारी सकाळी चोवीस जणांनी एकाच वेळी ते आंतरजालावरून उतरवू लागणे म्हणजे पहिले दोन तास पाण्यात गेले असे समजावे. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच प्रत्येक संगणकावर पुढील दोन आज्ञा देऊन पाहाव्यात :

```
python -m pip install pygame
python -m pygame.examples.aliens
```

पहिल्या आज्ञेने संच बसतो. दुसरीने पायगेमबरोबर येणारा नमुन्याचा खेळ सुरू होतो. तो दिसला की तो संगणक तयार झाला असे समजून त्यावर खडूने खूण करावी. पायथनची अगदी नुकतीच निघालेली आवृत्ती असेल, तर तिच्यासाठी तयार संच अजून आलेला नसतो आणि पहिलीच आज्ञा फसते. अशा वेळी पायथनची थोडी जुनी आवृत्ती बसवावी.

आणखी एक गोष्ट फळ्यावर ठळक लिहून ठेवावी. आपल्या फाइलला `pygame.py` हे नाव कोणी देऊ नये. तसे केल्यास पायथन खऱ्या संचाऐवजी तुमचीच फाइल उघडते आणि `module 'pygame' has no attribute 'init'` अशी तक्रार करते. आज्ञा सगळ्या बरोबर असूनही खेळ चालत नाही, म्हणून नवखा विद्यार्थी गोंधळून जातो. फाइलींना `game1.py`, `game2.py` अशी नावे द्यावीत, आणि दर टप्प्याला नवी प्रत ठेवावी. पुढचा टप्पा बिघडला तरी मागचा चालणारा खेळ शाबूत राहतो.

शनिवार सकाळ : आधी कागदावर खेळा

पहिला तास संगणक बंद ठेवावेत. तिघांच्या एकेका गटाला आलेख-कागद द्यावा, आणि त्यावर वीस चौकोन रुंद व पंधरा चौकोन उंच असा पडदा आखून घ्यावा. संगणकाच्या पडद्यावर मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यापासून होते. x उजवीकडे वाढतो, आणि y खाली जाताना वाढतो. गणिताच्या तासाला y वर जाताना वाढतो, म्हणून हा फरक पहिल्यांदाच सांगून ठेवावा.

आता चेंडू (४, २) या बिंदूवर ठेवा. त्याचा वेग दर फेरीला २ चौकोन उजवीकडे आणि १ चौकोन खाली असा घ्या. फळी चौदाव्या ओळीवर असून ती तीन चौकोन रुंद आहे. तिघांतला पहिला विद्यार्थी खेळाडूला 'डावीकडे, उजवीकडे की तिथेच?' असे विचारतो. दुसरा चेंडूची नवी जागा बेरीज करून काढतो. तिसरा खोडरबराने जुनी चित्रे पुसून नवी काढतो. मग पुन्हा पहिला विचारतो. चेंडू (६, ३), (८, ४) असा सरकत आठव्या फेरीला (२०, १०) वर, म्हणजे उजव्या भिंतीशी पोहोचतो. तेथे त्याचा आडवा वेग उलटा करायचा. पुढे तो १८, १६, १४ असा मागे येत बाराव्या फेरीला (१२, १४) वर, म्हणजे फळीच्या ओळीत उतरतो. फळी तिथे असेल तर वाचलो!

या तीन विद्यार्थ्यांनी मिळून जे केले, तेच जगातील झाडून सगळे संगणकीय खेळ करतात. विचारा, हिशेब करा, चित्र काढा, आणि पुन्हा पहिल्यापासून. याला आपण खेळाचा फेरा म्हणू. चेंडू पडद्यावर सरकताना दिसतो, पण प्रत्यक्षात तो सरकत नसतो. सेकंदाला सुमारे साठ वेळा जुने चित्र पुसले जाते आणि किंचित बाजूला नवे काढले जाते. चित्रपटाच्या फितीत होते तसेच हे आहे.

आता त्याच कागदावर आडवा वेग २ ऐवजी ३ घ्या. चेंडूचा x ४ पासून ७, १०, १३, १६, १९ असा जातो आणि पुढच्या फेरीला २२ होतो. पण कागद तर २० लाच संपतो! मुले येथे थांबतात आणि 'आता काय करायचे?' असे विचारतात. विचारू द्या. निसर्गातला चेंडू भिंतीला नेमक्या क्षणी टेकतो. आपला चेंडू मात्र उड्या मारत जातो, आणि दोन उड्यांच्या मधल्या काळात काय घडले हे संगणकाला ठाऊकच नसते. या एका गोष्टीतून पुढच्या दोन दिवसांतल्या बहुतेक अडचणी निर्माण होणार आहेत.

शनिवार दुपार : रिकामी खिडकी आणि धावता चेंडू

आता संगणक सुरू करा. पहिली आज्ञावली केवळ काळी खिडकी दाखवते :

```python
import pygame
pygame.init()
screen = pygame.display.set_mode((640, 480))
clock = pygame.time.Clock()
running = True
while running:
    for event in pygame.event.get():
        if event.type == pygame.QUIT:
            running = False
    screen.fill((0, 0, 0))
    pygame.display.flip()
    clock.tick(60)
pygame.quit()
```

कागदावरचा फेरा येथे `while` पासून सुरू होतो. `for` ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे विचारणारा विद्यार्थी. `fill` म्हणजे खोडरबर, आणि `flip` म्हणजे तयार झालेले चित्र लोकांसमोर धरणे. हिशेब करणाऱ्याची जागा अजून रिकामी आहे. ही आज्ञावली प्रत्येकाने स्वतः टंकलिखित करावी. ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेला पायथनमध्ये अर्थ असतो, हे चुकूनच लवकर कळते. शेवटची `pygame.quit()` ही ओळ आत सरकली की खिडकी क्षणभर चमकून नाहीशी होते.

यानंतर चेंडू. तो म्हणजे १६ ठिपके बाजू असलेला पांढरा चौरस. पडद्यावरच्या अंतराचे एकक ठिपका, आणि आपला पडदा ६४० ठिपके रुंद व ४८० ठिपके उंच आहे. चेंडू हलवण्यासाठी बरीच मुले `x = x + 3` असे लिहितात. ते चालतेही. पण दर फेऱ्याला ३ ठिपके म्हणजे सेकंदाला किती? संगणकाने सेकंदाला साठ फेरे केले तर १८०. शेजारचा जुना संगणक तीसच फेरे करू शकत असेल तर ९०. एकच खेळ एका टेबलावर कठीण आणि दुसऱ्यावर पोरखेळ! `clock.tick(60)` ही आज्ञा वेगवान संगणकाला साठाच्या आसपास थोपवून धरते, पण मंद संगणकाला पळवू शकत नाही.

यावरचा उपाय तुम्हाला आठवीपासून ठाऊक आहे. विस्थापन म्हणजे वेग गुणिले काल. `clock.tick` ही आज्ञा मागील फेऱ्यापासून किती मिलिसेकंद गेले हेही सांगते. त्याला हजाराने भागले की सेकंद मिळतात :

```python
dt = clock.tick(60) / 1000
x = x + vx * dt
y = y + vy * dt
```

पहिल्या आज्ञावलीतली `clock.tick(60)` ही ओळ आता काढून टाकायची, आणि वरच्या तीन ओळी `fill` च्या आधी घालायच्या. `x`, `y`, `vx`, `vy` यांच्या आरंभीच्या किमती `while` च्या वर द्यायच्या. आता `vx` ला २०० ही किंमत दिली की चेंडू दोन्ही संगणकांवर सेकंदाला २०० ठिपकेच जाईल. मंद संगणकावर उड्या मोठ्या असतील, पण वेग तोच. शिक्षकांनी दोन संगणक शेजारी ठेवून, एकावर मुद्दाम `tick(20)` लिहून हे दाखवावे.

येथे एक मजेदार दोष हमखास उद्भवतो. काही जण चेंडूची जागा `x` मध्ये न ठेवता पायगेमच्या `Rect` या आयतात ठेवतात. त्यांचा चेंडू उजवीकडे सावकाश जातो आणि डावीकडे भरधाव येतो. असे का होते बरे? `Rect` फक्त पूर्णांक ठेवतो आणि अपूर्णांकाचा भाग टाकून देतो. एका फेऱ्याला १६ मिलिसेकंद लागले, तर २०० वेगाने चेंडू ३.२ ठिपके सरकायला हवा. १०० वरून उजवीकडे गेल्यास १०३.२ येतात, पण उरतात १०३. म्हणजे सरकला ३. डावीकडे गेल्यास ९६.८ येतात आणि उरतात ९६. म्हणजे सरकला ४! म्हणून खरी जागा नेहमी दशांश संख्येत ठेवावी, आणि चित्र काढण्यापुरताच तिचा पूर्णांक करावा.

भिंतीला चिकटणारा चेंडू

शनिवारी संध्याकाळी भिंती उभ्या करायच्या. नवख्याला सुचणारा नियम असा असतो की, x शून्यापेक्षा कमी झाला की `vx = -vx` करा, म्हणजे वेग उलटा करा. दहापैकी नऊ वेळा तो चालतो. दहाव्या वेळी चेंडू भिंतीत रुतून थरथरत राहतो आणि बाहेर येतच नाही.

एक उदाहरण पावलापावलाने करून पाहू. चेंडू x = २ वर आहे आणि डावीकडे २०० वेगाने चालला आहे. नेमके त्याच वेळी संगणक दुसऱ्या कामात गुंतला आणि या फेऱ्याला १६ ऐवजी ५० मिलिसेकंद लागले. चेंडू १० ठिपके सरकून –८ वर गेला. x शून्याहून कमी, म्हणून वेग उलटला आणि +२०० झाला. पुढचा फेरा नेहमीसारखा १६ मिलिसेकंदांचा. चेंडू ३.२ ठिपके परत आला आणि –४.८ वर पोहोचला. पण x अजून शून्याहून कमीच आहे! नियम पुन्हा लागू झाला आणि वेग पुन्हा –२०० झाला. पुढच्या फेऱ्यात चेंडू –८ वर, मग –४.८ वर, मग पुन्हा –८ वर. तो आता भिंतीच्या आत कायमचा अडकला.

हा दोष ओळखण्यासाठी फेऱ्यात `print(x, vx)` ही ओळ घालावी. वेगाचे चिन्ह दर ओळीला बदलताना दिसले की रोगाचे निदान झाले. उपाय कागदावरच्या खेळात मुलांनीच सुचवलेला असतो. चेंडू आधी भिंतीवर परत ठेवा, आणि वेग 'उलटा' करण्याऐवजी 'भिंतीपासून दूर' असा करा :

```python
if x < 0:
    x = 0
    vx = abs(vx)
if x > 624:
    x = 624
    vx = -abs(vx)
if y < 0:
    y = 0
    vy = abs(vy)
```

`abs` म्हणजे केवल मूल्य. हा नियम कितीही वेळा लागू झाला तरी उत्तर तेच येते. उजवीकडे ६४० ऐवजी ६२४ का? कारण x ही चेंडूच्या डाव्या कडेची जागा आहे आणि चेंडू १६ ठिपके रुंद आहे.

याच संध्याकाळी फळी हलवायची. कळ दाबल्याची घटना आणि कळ दाबून धरलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. `KEYDOWN` ही घटना कळ दाबताच एकदाच येते. तिच्यावर विसंबल्यास दर दाबण्याला फळी एकच पाऊल सरकते. आपल्याला `pygame.key.get_pressed()` हवे. ते प्रत्येक फेऱ्यात 'आत्ता कोणत्या कळा दाबलेल्या आहेत?' हे सांगते. फळीचा वेग सेकंदाला ४०० ठिपके ठेवावा आणि तोही `dt` ने गुणावा. शनिवारी घरी जाताना प्रत्येक जोडीकडे उसळणारा चेंडू आणि हलणारी फळी असली पाहिजे. ती दोघे एकमेकांना अजून ओळखत नसतील, तरी चालेल.

रविवार सकाळ : टक्कर

फळी ९६ ठिपके रुंद, १२ ठिपके जाड आणि तिची वरची कड y = ४५० वर. चेंडूचा आणि फळीचा आयत एकमेकांवर आले आहेत का, हे पायगेम स्वतःच पाहतो :

```python
ball = pygame.Rect(int(x), int(y), 16, 16)
paddle = pygame.Rect(int(px), 450, 96, 12)
if ball.colliderect(paddle) and vy > 0:
    y = 450 - 16
    vy = -min(vy * 1.05, 900)
    vx = (ball.centerx - paddle.centerx) * 5
    score = score + 1
```

`vy > 0` ही अट म्हणजे चेंडू खाली येत असतानाच टक्कर मानायची. तिच्यामुळे चेंडू फळीला चिकटत नाही. शेवटून दुसरी ओळ म्हणजे अल्कॉर्न यांची युक्ती, थोड्या वेगळ्या वेषात. त्यांनी फळीचे आठ भाग पाडले होते. मधल्या भागांवर आपटलेला चेंडू सरळ परत जाई, आणि कडेच्या भागांवर आपटलेला तिरका. आपण आठ भागांऐवजी मध्यापासूनचे अंतर मोजून त्याची पाचपट आडवा वेग देतो. आरशाच्या नियमाप्रमाणे चेंडू परतवला असता, तर खेळाडूच्या हाती काहीच उरले नसते. आता चेंडू कोठे पाठवायचा हे तो ठरवू शकतो. भौतिकशास्त्राचा नियम मोडला, पण खेळ जन्माला आला!

आता १.०५ कडे पाहा. दर टोल्याला उभा वेग पाच टक्क्यांनी वाढतो, म्हणून खेळ हळूहळू कठीण होतो. पण त्याला ९०० ची मर्यादा का घातली? येथे उड्यांची ती मूळ अडचण पुन्हा समोर येते. चेंडू १६ ठिपके उंच आणि फळी १२ ठिपके जाड. चेंडू फळीला किंचित शिवल्यापासून तिच्यातून पूर्ण पार होईपर्यंत त्याला १६ + १२ = २८ ठिपके जावे लागते. एका उडीत तो २८ ठिपक्यांपेक्षा जास्त गेला, तर एका चित्रात तो फळीच्या वर असेल आणि पुढच्या चित्रात खाली. मधे टक्कर घडलीच नाही! खेळाडू म्हणेल, 'मी तर चेंडू अडवला होता.' आणि ते खरेच असेल.

१६ मिलिसेकंदांच्या फेऱ्यात २८ ठिपके म्हणजे २८ ÷ ०.०१६, अर्थात सेकंदाला १७५० ठिपके. सुरुवातीचा उभा वेग २५० असेल तर तो सातपट व्हायला हवा, आणि पाच टक्क्यांच्या चक्रवाढीने त्याला सुमारे चाळीस टोले लागतात. शनिवारपासून तपासणाऱ्यांपैकी कोणीच चाळीस टोले मारलेले नसतात, म्हणून हा दोष लपून राहतो आणि सर्वांत पटाईत खेळाडूलाच छळतो. शिवाय फेऱ्याला जास्त वेळ लागला तर तो लवकरही येतो. विंडोज संगणकावर खेळाची खिडकी माउसने धरून ओढली की फेरा थांबतो. दोन सेकंदांनी सोडली की `dt` दोन सेकंद येतो, आणि चेंडू एकाच उडीत ५०० ठिपके, म्हणजे पडद्याबाहेर!

म्हणून दोन कुंपणे घालायची. एक वेगाला, ९०० चे. दुसरे काळाला :

```python
dt = min(clock.tick(60) / 1000, 0.03)
```

आता सर्वांत मोठी शक्य उडी ९०० × ०.०३ = २७ ठिपके, म्हणजे २८ पेक्षा कमी. चेंडू फळीतून निसटणे आता शक्यच नाही, आणि ते आपण खेळून नव्हे, तर गणिताने सिद्ध केले. अर्थात याची किंमत आहे. एखादा फेरा ३० मिलिसेकंदांहून लांबला तर खेळ तेवढ्यापुरता संथ वाटेल. चेंडू नाहीसा होण्यापेक्षा ते परवडते.

रविवार दुपार : परक्यांना खेळवा

जेवणाआधी हरण्याचा नियम घालावा. y ४८० च्या पुढे गेला की गुण शून्य, उभा वेग पुन्हा २५० आणि चेंडू पुन्हा आरंभाच्या जागी. 'पुन्हा खेळायचे का?' असे विचारणारा वेगळा पडदा नको. त्यातच दोन तास जातात. मात्र आपोआप पुन्हा सुरू होणे आवश्यक आहे, नाहीतर दर वेळी खिडकी बंद करून आज्ञावली नव्याने चालवावी लागेल.

जेवणानंतर जोड्यांनी जागा बदलून एकमेकांचे खेळ पाच मिनिटे खेळावेत. ज्यांनी खेळ बनवला त्यांनी मागे उभे राहावे आणि तोंड मिटून ठेवावे. हा नियम पाळणे फार कठीण जाते, पण तोच महत्त्वाचा आहे, कारण खेळ घरी गेल्यावर त्याच्यासोबत तुम्ही जाणार नाही. खेळणारा पहिल्या दहा सेकंदांत कोणत्या कळा दाबतो, कोठे गोंधळतो, कोठे हसतो, एवढेच कागदावर टिपावे. चेंडू सुरुवातीलाच फार जलद येतो, फळी पडद्याबाहेर निघून जाते, गुण कोपऱ्यात दिसतच नाहीत, या तीन गोष्टी बहुतेक टिपणांत सापडतात. तिन्ही दहा-दहा मिनिटांत दुरुस्त होतात.

मग दीड तास प्रत्येक जोडीने स्वतःचा एकच बदल करावा. कोणता? बदल निवडताना स्वतःला दोन प्रश्न विचारा. किती नव्या चलांची गरज आहे? आणि आधीच्या किती ओळी बदलाव्या लागतील? 'दर पाच टोल्यांना फळी ८ ठिपक्यांनी आखूड होते' या बदलाला एकच नवा चल लागतो आणि दोन-तीन ओळी बदलतात. तो अर्ध्या तासात होईल. 'दुसरा चेंडू आणायचा' हे ऐकायला सोपे वाटते, पण जागेचे दोन आणि वेगाचे दोन असे चार चल दुप्पट होतात, आणि भिंती, टक्कर व हरणे यांतली प्रत्येक ओळ बदलते. तो दीड तासात कसाबसा होईल. 'दोघांनी आंतरजालावरून खेळायचे' हा बदल मात्र पुढच्या वर्षीच्या कार्यशाळेसाठी राखून ठेवावा.

चार वाजता हात थांबवावेत. त्यानंतर कोणतीही नवी ओळ लिहायची नाही. शेवटच्या घटकेला घातलेल्या ओळीने बिघडलेला खेळ प्रदर्शनात दाखवायची वेळ येऊ नये, म्हणून हा नियम. बिघडलाच असेल तर आदल्या टप्प्याची फाइल आहेच. चार ते पाच या वेळात बारा संगणकांवर बारा खेळ मांडावेत आणि इतर विद्यार्थ्यांना बोलवावे.

करून पाहा

शेवटी, कार्यशाळेला येऊ न शकणाऱ्यांसाठी तीन प्रश्न. तिघांनाही कागद-पेन्सिल पुरते.

१. एका विद्यार्थ्याने चेंडूची जागा `Rect` मध्येच ठेवली आणि वेग सेकंदाला ५० ठिपके दिला. फेरा १६ मिलिसेकंदांचा आहे. चेंडू १०० वरून उजवीकडे निघाला तर एका सेकंदाने कोठे असेल? आणि डावीकडे निघाला तर?

२. फळीची जाडी १२ ऐवजी ४ ठिपके केली आणि काळाचे कुंपण ०.०३ च ठेवले. चेंडू फळीतून निसटू नये म्हणून उभ्या वेगाची मर्यादा किती ठेवावी लागेल?

३. भिंतीत अडकलेल्या आपल्या चेंडूच्या उदाहरणात पहिल्या फेऱ्याला ५० मिलिसेकंद लागले होते आणि चेंडू –८ वर होता. पुढचा फेरा किमान किती मिलिसेकंदांचा असता, तर तो आपोआप सुटला असता?

उत्तरे काढून झाली की ती संगणकावर पडताळून पाहा. तिसऱ्या प्रश्नासाठी `dt` च्या जागी स्वतः ठरवलेल्या संख्या क्रमाने घालाव्या लागतील. तसे करताना फेऱ्यातला काल आपल्याच हाती आहे, हे तुमच्या ध्यानात येईल.